फरक काढले, पण जुळेनात: संख्यामालिका अडते तेव्हा काय तपासायचं

तक्रार एकच असते, फक्त विचारणारी तोंडं बदलतात. "सर, फरक काढले, पण काय जुळंना झालेत." आमच्या भागात मराठा लाइट इन्फंट्रीचं केंद्र बेळगावातच असल्यामुळे खानापूर तालुक्यातली निम्मी पोरं लष्कर नाहीतर निमलष्करी भरतीच्या मागे असतात. निपाणी-चिकोडीकडची बँकेच्या क्लार्कची तयारी करतात, आणि आठवीतली लहान मुलं एनएमएमएसची. पेपर वेगळे, पण संख्यामालिका सगळ्यांच्या वाट्याला येते. पुस्तक कोल्हापुरातून आणलेलं असो की धारवाडहून, त्या धड्याची सुरुवात बहुधा एकाच सूचनेने होते: शेजारच्या दोन संख्यांमधला फरक काढा.

सूचना बरोबरच आहे. पण फरक काढून झाल्यावर ती ओळ सरळ नसेल तर काय, हे बऱ्याच पुस्तकांत नीट सांगितलेलं नसतं. मग मुलं तेच फरक पुन्हा पुन्हा तपासत बसतात, जणू वजाबाकीच चुकली आहे. वजाबाकी बरोबर असते. त्या फरकांच्या ओळीतच पुढचा इशारा असतो, तो वाचायचा राहतो. इथे फक्त त्याबद्दल लिहितो. ज्या मालिकेत सगळे फरक सारखे आहेत किंवा दर खेपेला दोनाने वाढतात (२, ६, १२, २०, ३०), ती तुम्हाला येतेच.

सगळ्यात आधी: फरकाला चिन्ह लावा

रफ कागदावर मालिका लिहिताना दोन संख्यांमध्ये बोटभर जागा सोडायची आणि खालच्या ओळीत फरक चिन्हासकट लिहायचा. ही मालिका बघा:

७, १०, ८, ११, ९, १२, ?

घाईत मुलं खाली ३, २, ३, २, ३ लिहितात आणि पुढचा फरक २ म्हणून १४ हे उत्तर ठोकतात. चिन्हासकट ओळ अशी आहे: +३, −२, +३, −२, +३. म्हणजे आता −२ ची पाळी, उत्तर १०. पर्यायांत १४ हमखास असतो. पेपर काढणाऱ्याला ही सवय चांगली माहीत असते.

आता फरकांची ओळ चिन्हांसकट समोर आहे असं धरू. ती जुळत नसेल तर मी ज्या क्रमाने तपासतो, त्याच क्रमाने सांगतो. क्रमाला कारण आहे: आधीच्या तपासणीला नुसती नजर लागते, नंतरच्याला हिशोब लागतो.

एक सोडून एक तोच फरक येतोय का?

४, ८, ११, २२, २५, ५०, ५३, ?

फरक: +४, +३, +११, +३, +२५, +३.

इथे बहुतेकजण ४, ११, २५ या आकड्यांच्या मागे लागतात. चारातून अकरा म्हणजे सात वाढले, अकरातून पंचवीस म्हणजे चौदा वाढले, मग आता एकवीस वाढवून ४६ का? चटकन पटतं म्हणूनच ते घातक आहे. ५३ मध्ये ४६ मिळवून ९९ लिहून मोकळे होतात.

त्याऐवजी आधी ३ कडे बघा. तो तीनदा आलाय, आणि प्रत्येक वेळी एक जागा सोडून. फरकांच्या ओळीत एखादा आकडा असा एक आड एक ठाण मांडून बसला असेल, तर मालिका दोन कृती आलटून पालटून करते आहे. त्यातली एक कृती म्हणजे ती ठरावीक बेरीज किंवा वजाबाकी, आणि दुसरी बहुधा गुणाकार. म्हणून राहिलेल्या जागांवर फरक बघणं बंद करायचं आणि पट बघायची. ४ चे ८ झाले, दुप्पट. ११ चे २२ झाले, दुप्पट. २५ चे ५०, दुप्पट. नियम मिळाला: दुप्पट करा, ३ मिळवा, दुप्पट करा, ३ मिळवा.

राहिला प्रश्न पाळी कोणाची. इथे अर्धे गुण जातात. नियम बरोबर काढून ५६ लिहिणारी मुलं मी नेहमी बघतो. शेवटची दिसणारी उडी ५० वरून ५३ ची, ती बेरजेची. म्हणजे आता दुपटीची पाळी: १०६. डोक्यात ठेवायला जाऊ नका. दोन संख्यांमधल्या प्रत्येक जागेवर "×२" किंवा "+३" असं खरंच लिहा, आणि प्रश्नचिन्हाच्या अलीकडची जागाही मोकळी न ठेवता भरा. ती जागा भरली की पाळी चुकत नाही.

ठरावीक कृती वजाबाकीची असेल तर मालिका नागमोडी दिसते, पण जात तीच:

५, १५, ११, ३३, २९, ८७, ?

फरक +१०, −४, +२२, −४, +५८. एक आड एक −४ बसलाय. उरलेल्या जागांवर पट: ५ चे १५, ११ चे ३३, २९ चे ८७, सगळीकडे तिप्पट. शेवटची उडी तिपटीची होती, म्हणून आता ४ वजा, उत्तर ८३.

दोन्ही कृती गुणाकाराच्या असल्या तर मात्र फरकांच्या ओळीत काहीच ठाण मांडून बसत नाही. १, २, ६, १२, ३६, ७२ यांचे फरक १, ४, ६, २४, ३६ येतात, त्यातून अर्थ निघत नाही. पटीची ओळ लिहिली की लगेच उलगडतं: २, ३, २, ३, २. पुढे तिप्पट, २१६.

मालिका खाली येते, वर जाते, पण काहीच पुन्हा येत नाही

५, ४०, ८, ३६, ११, ३२, १४, ?

फरक: +३५, −३२, +२८, −२५, +२१, −१८.

एक आड एक तोच फरक नाही. पण चिन्ह मात्र प्रत्येक वेळी उलटतंय. म्हणजे एका ओळीत दोन मालिका गुंफलेल्या आहेत. निपाणी स्टँडवर कर्नाटक परिवहनच्या आणि महाराष्ट्राच्या एसटीच्या गाड्या एकाच फलाटावर लागतात. समजा त्या आलटून पालटून येतात आणि तुम्ही सगळ्यांच्या वेळा एकाखाली एक लिहिल्या, तर मधली अंतरं वेडीवाकडी दिसतील. दोन्ही परिवहनांचं वेळापत्रक मात्र आपापल्या जागी सरळ असतं. इथेही तेच करायचं, गाड्या वेगळ्या करायच्या:

पहिली, तिसरी, पाचवी, सातवी जागा: ५, ८, ११, १४

दुसरी, चौथी, सहावी, आठवी जागा: ४०, ३६, ३२, ?

वरची तीनाने चढते, खालची चाराने उतरते. प्रश्नचिन्ह आठव्या जागेवर, म्हणजे खालच्या ओळीत. उत्तर २८.

या प्रकारात सर्वांत जास्त वेळा दिसणारी चूक म्हणजे १७. नियम सापडल्याच्या आनंदात मुलगा ५, ८, ११, १४ पुढे १७ लिहितो. ती मालिका बरोबर आहे, फक्त प्रश्न तिला विचारलेला नाही. एका मुलीच्या वहीत मी अशी पाच-सहा गणितं सलग बघितली. दोन्ही मालिका सुंदर वेगळ्या केलेल्या, आणि उत्तर दर वेळी भलत्याच ओळीतलं. तिची चूक गणिताची नव्हतीच, जागा मोजण्याची होती. तिला एवढंच सांगितलं, की संख्या लिहिताना एक वर, एक खाली, अशा दोन ओळींत लिही, आणि प्रश्नचिन्हही त्याच पाळीने लिही. प्रश्नचिन्ह जिथे पडेल ती ओळ. त्यानंतर तो प्रकार थांबला.

दोन-तीन गोष्टी इथे ध्यानात ठेवण्यासारख्या आहेत. एक, चिन्ह पहिल्यापासून उलटेलच असं नाही. हे बघा:

२, ३, ४, ९, ८, २७, १६, ?

फरक +१, +१, +५, −१, +१९, −११. सुरुवातीला मालिका सरळ चढते आहे असं वाटतं, चौथ्या उडीला पहिल्यांदा खाली येते. वेगळ्या केल्यावर २, ४, ८, १६ आणि ३, ९, २७ अशा दिसतात. आठवी जागा, म्हणून ८१. चढती मालिका मध्येच एकदा जरी खाली येऊन पुन्हा वर गेली आणि एक आड एक तोच फरक नसेल, तर पुढचा विचार न करता दोन ओळी पाडून बघा. दहा सेकंदांचं काम आहे.

दोन, वेगळ्या केलेल्या दोन्ही ओळींचा नियम एकाच जातीचा असावा, असं बंधन नाही. ४, २, ९, ३, १६, ५, २५, ७ यात एक ओळ वर्गसंख्यांची आहे आणि दुसरी मूळ संख्यांची. दुसरी ओळ २, ३, ५, ७ असल्यामुळे पुढे ९ लिहायचा मोह होतो. पण ९ मूळ नाही, ११ येईल. अर्थात त्याआधी पहिल्या ओळीचा ३६ यायचा आहे.

तीन, वर पहिली दाखवलेली ७, १०, ८, ११ वाली मालिका या रीतीनेही सुटते: ७, ८, ९ आणि १०, ११, १२. दोन्ही ओळी सारख्याच पावलाने चालत असतील, तर "तीन मिळवा, दोन काढा" म्हटलं काय आणि "दोन मालिका" म्हटलं काय, उत्तर एकच. कोणती रीत खरी, यावर भांडत बसू नये. पावलं वेगळी असली की मात्र फरकांची ओळ पुन्हा पुन्हा तीच येत नाही आणि ओळी पाडाव्याच लागतात.

मालिका झपाट्याने वाढते

फरक खूप मोठे होत चाललेत, खाली कुठे येत नाही, एक आड एकही काही नाही. शेवटची संख्या आदल्या संख्येच्या दुपटीच्या आसपास किंवा त्याहून जास्त असेल, तर गुणाकार आत दडलेला आहे असं समजा. पण तो शुद्ध गुणाकार असता तर पट नेमकी आली असती. ती येत नाही म्हणजे गुणाकाराबरोबर थोडी बेरीज किंवा वजाबाकी चिकटलेली आहे.

५, १३, ३७, १०९, ३२५, ?

पट काढायला गेलं तर २.६, मग २.८५, मग २.९५. काहीच पूर्ण नाही, म्हणून मुलं हे सोडून देतात. फरक काढा: ८, २४, ७२, २१६. आता या फरकांची पट काढा: ३, ३, ३. इथे नेमकी आली.

हे का होतं, ते समजून घेतलं तर रीत पाठ करावी लागत नाही. प्रत्येक पद म्हणजे आधीचं पद गुणिले तीन, अधिक-उणे एक ठरावीक आकडा. दोन शेजारच्या पदांची वजाबाकी केली की तो ठरावीक आकडा दोन्हीकडे सारखाच असल्यामुळे उडून जातो आणि फक्त गुणाकार उरतो. म्हणून फरकांची पट हाच खरा गुणक. तो ३ आहे हे कळलं की चिकटलेला आकडा काढायला एक उदाहरण पुरे: ५ × ३ = १५, हवे १३, म्हणजे २ वजा. पडताळा दुसऱ्या जागेवर घ्या: १३ × ३ − २ = ३७. जमलं. पुढचं ३२५ × ३ − २ = ९७३. नाहीतर फरक २१६ ची तिप्पट ६४८ घेऊन ३२५ मध्ये मिळवा, तेच येतं.

फरकांचीही पट नेमकी येत नसेल, तर गुणक स्वतःच बदलतो आहे का ते बघायचं:

६, ७, १६, ५१, २०८, ?

फरक १, ९, ३५, १५७. त्यांची पट काही धड येत नाही. इथे एक युक्ती फार उपयोगी पडते: मालिका उजवीकडून वाचा. चिकटलेली छोटी बेरीज मोठ्या संख्येत हरवते, लहान संख्येत गोंधळ घालते. म्हणून २०८ भागिले ५१ हे ४ च्या किंचित वर. ५१ भागिले १६ हे ३ च्या थोडं वर. १६ भागिले ७ हे २ च्या वर. गुणक ४, ३, २ असे उतरत येताहेत, म्हणजे ६ पासून ७ ला १. आता चिकटलेले आकडे: ६ × १ + १ = ७, ७ × २ + २ = १६, १६ × ३ + ३ = ५१, ५१ × ४ + ४ = २०८. पुढचं २०८ × ५ + ५ = १०४५. डावीकडून सुरुवात केली असती तर ६ वरून ७ म्हणजे "एक मिळवला" असं वाटून मन तिथेच अडकलं असतं. अडकतातही.

उतरत्या मालिकेत भागाकार असतो, तिथे उलटं करायचं. ७२०, ३६०, १२०, ३०, ६ यात मोठ्या संख्या डावीकडे आहेत, म्हणून डावीकडून वाचा: निम्मे, मग एक तृतीयांश, मग पाव, मग पाचवा हिस्सा. पुढे ६ चा सहावा हिस्सा, १.

सरळ चढते, तरी दोन मालिका

हा प्रकार कमी वेळा येतो, पण आला की खातो. गुंफलेल्या दोन्ही मालिका चढत्या असल्या आणि एकमेकींच्या जवळून चालल्या, तर नागमोडी काही दिसतच नाही.

१, २, ४, ६, ९, १२, १६, २०, ?

फरक १, २, २, ३, ३, ४, ४. इशारा आहे जोड्यांचा. फरक दोन-दोनदा येत असतील तर पुढचा ५, उत्तर २५. ओळी पाडल्या तर १, ४, ९, १६ अशी वर्गसंख्यांची ओळ दिसते आणि दुसरी २, ६, १२, २० ची. दोन्ही वाटा २५ लाच पोचतात.

३, ४, ६, ८, १२, १६, २४, ३२ ही त्याच घराण्यातली. फरक १, २, २, ४, ४, ८, ८. ओळी पाडल्यावर दोन्ही दुपटीच्या. पुढचं पद ४८. फरकांत जोड्या दिसल्या की थांबून ओळी पाडायच्या, एवढं पुरे आहे.

"चुकीची संख्या ओळखा" हा वेगळा आजार

बँकेच्या परीक्षांत हा येतो. इथे फरक न जुळणं हीच अपेक्षा आहे, आणि तरी मुलं शेजारच्या संख्येवर बोट ठेवतात.

४, ९, १६, २५, ३५, ४९, ६४

फरक ५, ७, ९, १०, १४, १५. दोन-दोनाने वाढणारे फरक चौथ्या आणि पाचव्या जागी बिघडले: ११ च्या जागी १०, १३ च्या जागी १४. एक चुकीची संख्या नेहमी दोन फरक बिघडवते, तिच्या आधीचा आणि नंतरचा. एक जेवढ्याने कमी, दुसरा तेवढ्यानेच जास्त. १० आणि १४ ची बेरीज २४, ११ आणि १३ चीही २४. दोन्ही बिघडलेल्या फरकांच्या मध्ये जी संख्या आहे ती गुन्हेगार: ३५, हवे होते ३६. एकच फरक बिघडला असेल आणि पुढचे सगळे ठीक असतील, तर चुकीची संख्या पहिली किंवा शेवटची आहे, नाहीतर तुमचा नियमच चुकलाय. बिघडलेल्या दोन फरकांची बेरीज जुळत नसेल तरी नियमावरच संशय घ्या.

गुंफलेल्या मालिकेत हाच प्रश्न आला तर आधी ओळी पाडा, मग ज्या ओळीत बिघाड आहे तिथेच ही तपासणी करा. सगळी मालिका एकत्र ठेवून शोधायला गेलात तर वेळ जाईल.

दोन उत्तरं बसतात तेव्हा

यावर वाद घालायला मुलांना आवडतं, आणि तो वाद निरर्थक नाही. थोड्या संख्या दिल्या की त्यांना एकापेक्षा जास्त नियम बसतात. २, १०, ४, १५, ८, २०, ? यात पहिल्या ओळीच्या तीनच संख्या दिसतात: २, ४, ८. दुप्पट म्हटलं तर १६, फरक २ आणि ४ म्हणून पुढचा ६ घेतला तर १४. दोन्ही नियम तर्काला धरून आहेत. गणिताच्या बाजूने तर कुठलीही संख्या बसवणारं सूत्र काढता येतं. १, २, ४, ८, १६ पुढे ३२ येईल हे शाळकरी मूलही सांगेल. पण वर्तुळावर एक, दोन, तीन असे बिंदू वाढवत नेले आणि प्रत्येक बिंदू इतर सगळ्यांना रेषांनी जोडला, तर वर्तुळाचे जास्तीत जास्त तुकडे १, २, ४, ८, १६ असेच होतात, आणि सहाव्या बिंदूला ३१.

परीक्षेत याचा निकाल पर्याय लावतात. चांगल्या पेपरमध्ये १४ आणि १६ दोन्ही पर्याय नसतात. नियम सापडला आणि उत्तर पर्यायांत नाही, म्हणजे आकडेमोड पुन्हा करण्याआधी दुसरा नियम बघा. दोन्ही पर्याय असलेच, तर कमी कृतींचा नियम धरावा, असं माझं मत. दुप्पट ही एक कृती आहे, "फरक दोनाने वाढवत मिळवा" या दोन. पण हा अंदाजच, खात्री नव्हे.

वेगळी केलेली ओळ निदान तीन संख्यांची असल्याशिवाय नियम पक्का धरू नका. दोन संख्यांतून नियम निघत नाही, इच्छा निघते. ५ आणि १० एवढंच दिसलं तर पुढे १५ ही येतो आणि २० ही. अशा वेळी दुसऱ्या, लांब ओळीचा नियम कुठल्या जातीचा आहे ते बघून त्याच जातीचा इथे लावून बघावा.

वेळेचंही बघा. एसएससी जीडीच्या पेपरला ८० प्रश्न आणि ६० मिनिटं, म्हणजे एका प्रश्नाला सरासरी ४५ सेकंद. फरक लिहायला दहा-पंधरा सेकंद, एक आड एक बघायला पाच, ओळी पाडायला दहा. पटीपर्यंत पोचलात की वेळ संपत आलेला असतो. पटीतूनही काही निघालं नाही तर खूण करून पुढे जा, कारण तिथे चुकीच्या उत्तराला गुण कापतात. किती कापतात ते त्या वर्षीच्या जाहिरातीत वाचा, ते बदललेलं आहे. तीन मालिका गुंफलेला प्रश्नही कधीतरी येतो, तिथे फरक किंवा पट दर तिसऱ्या जागी पुन्हा येते. पण त्यासाठी निदान आठ-नऊ संख्या दिलेल्या असाव्या लागतात. सहा संख्यांच्या मालिकेत तीन ओळी शोधत बसू नका.

आता ही एक स्वतः करून बघा, खालचं उत्तर झाकून:

९, ५०, ११, ४५, १५, ४०, २१, ३५, ?

फरक +४१, −३९, +३४, −३०, +२५, −१९, +१४. एक आड एक काही स्थिर नाही, चिन्ह उलटतंय, म्हणून ओळी पाडायच्या: ९, ११, १५, २१ आणि ५०, ४५, ४०, ३५. दुसरी ओळ लगेच दिसते, पाचाने उतरणारी, आणि हात आपोआप ३० कडे जातो. पण प्रश्नचिन्ह नवव्या जागेवर आहे, म्हणजे पहिल्या ओळीत. तिथले फरक २, ४, ६, पुढचा ८, उत्तर २९. पर्यायांत ३० असेल, २९ च्या अगदी शेजारी.